हात बघून पत्ता सांगा

शरीररचनाशास्त्राच्या तोंडी परीक्षेत, म्हणजे मुलांच्या भाषेत वायव्हात, मी वर्षानुवर्षं एक प्रश्न विचारत आले आहे. त्यासाठी टेबलावर हाड लागत नाही की फॉर्मालिनमधला नमुना लागत नाही. मी माझाच उजवा हात विद्यार्थ्यासमोर धरते. तर्जनी आणि मधलं बोट सरळ, अनामिका आणि करंगळी आत वळलेली. ‘सांग बघू, कुठली नस गेली?’

बहुतेक मुलं लगेच म्हणतात, ‘अल्नार नर्व्ह, मॅडम. क्लॉ हँड.’ काही जण ‘मीडियन’ म्हणतात. दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात आणि दोन्ही चुकू शकतात, कारण एक गोष्ट मी मुद्दाम सांगितलेली नसते. क्वचित एखादी मुलगी थांबते, हाताकडे नीट बघते आणि मलाच उलट विचारते, ‘मॅडम, पेशंटला हात उघडायला सांगितलाय की मूठ मिटायला?’ त्या दिवशी मला घरी जाताना फार बरं वाटतं.

या उलट प्रश्नात हाताच्या नसांचं निम्मं शास्त्र आहे. ते वैद्यकीच्या मुलांपुरतं ठेवावं असं मला वाटत नाही. बाइकवरून पडून खांदा आपटलेला मुलगा, बाळंतपणात मान ओढली गेलेलं बाळ, माडावरून घसरलेला माणूस आपल्या आजूबाजूला असतो. त्याचा हात असा का लोंबतो आणि बोटं अशी का वळतात, हे घरच्यांनाही कळायला हवं.

आधी शब्दाचं बघू. मराठीत आपण शिरेलाही नस म्हणतो आणि मेंदूचे निरोप नेणाऱ्या तंतूलाही. इथे नस म्हणजे दुसरी, मज्जातंतूंची. पूर्ण हाताला निरोप पोचवणाऱ्या नसा मानेतून निघतात. मानेच्या मणक्यांमधून खालच्या चार आणि छातीच्या पहिल्या मणक्याखालून एक, अशी पाच मुळं बाहेर येतात. त्यांना सी-५, सी-६, सी-७, सी-८ आणि टी-१ म्हणतात. ती मानेच्या बाजूने, गळपट्टीच्या हाडामागून काखेत उतरतात. उतरताना एकमेकींत मिसळतात, पुन्हा फुटतात, पुन्हा जुळतात. या गुंत्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात.

मुलं याची आकृती पाठ करतात आणि परीक्षेआधी दहा वेळा कागदावर काढतात. मी त्यांना वेणी डोळ्यांसमोर आणायला सांगते. पाच पेडांची वेणी घाला आणि टोकाला तिचे पुन्हा पाच झुबके सोडा. वरचे दोन पेड, सी-५ आणि सी-६, एकत्र येऊन वरचं खोड होतं. खालचे दोन, सी-८ आणि टी-१, मिळून खालचं खोड. मधला सी-७ एकटाच चालतो. गळपट्टीच्या हाडामागे प्रत्येक खोडाच्या पुढची आणि मागची अशा दोन वाटण्या होतात. मागच्या तिन्ही एकत्र येतात आणि हात सरळ करणाऱ्या, मागे नेणाऱ्या स्नायूंकडे जातात. पुढच्या वाटण्या हात वाकवणाऱ्या आणि मूठ मिटणाऱ्या स्नायूंकडे. टोकाचे पाच झुबके म्हणजे पाच मोठ्या नसा. खांद्याच्या गोलाईकडे जाणारी ॲक्झिलरी, दंडाच्या बेटकुळीला चालवणारी मस्क्युलोक्युटेनिअस, आणि हातापर्यंत जाणाऱ्या रेडिअल, मीडियन, अल्नार.

वेणीच्या टोकाच्या एका झुबक्यात केस एकाच पेडाचे नसतात, दोन-तीन पेडांचे असतात. त्यामुळे कात्री वर लागली की खाली, यावर सगळं ठरतं. टोकाचा एक झुबका कापला तर त्या एका नसेचे सगळे स्नायू जातात आणि बाकीचे शाबूत राहतात. वरचा एक पेड कापला तर अनेक झुबक्यांतले थोडे थोडे केस जातात, म्हणजे कुठलीच नस पूर्ण मरत नाही, पण दोन-तीन नसांचे ठरावीक स्नायू एकदम गळतात. परीक्षक विचारतो ते एवढंच. कात्री कुठे लागली?

आता हात वाकडा का होतो ते पाहू. पहिल्या वर्षाची मुलं समजतात की जो स्नायू मेला त्याने हात वाकडा केला. मेलेला स्नायू काहीच करत नाही. त्याच्या विरुद्ध बाजूचा स्नायू जिवंत असतो, त्याला आता कोणी रोखत नाही आणि तो हाताला आपल्या बाजूला घेऊन जातो. विकृती दिसली की ती कोणत्या जिवंत स्नायूच्या ओढीने आली, हे आधी शोधायचं. मग त्याचा जोडीदार कोण, ते आपोआप कळतं आणि मेलेला सापडतो.

याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण वरच्या खोडाचं आहे. विल्हेल्म एर्ब या जर्मन मज्जातंतुतज्ज्ञाने १८७४ साली त्याचं वर्णन केलं. गळपट्टीच्या हाडाच्या वर मानेवर एका ठरावीक जागी विजेचा सौम्य झटका दिला की खांदा आणि कोपर हलवणारे काही ठरावीक स्नायू एकदम आखडतात, हे त्याने दाखवलं. त्या जागेला आजही एर्बचा बिंदू म्हणतात. बाइकवरचा माणूस फेकला जातो, खांदा रस्त्यावर आपटतो आणि डोकं दुसऱ्या बाजूला झुकतं, तेव्हा मान आणि खांदा यांतलं अंतर एकदम वाढतं आणि ताण पहिल्यांदा या जागी येतो. अवघड बाळंतपणात बाळाचा खांदा आईच्या हाडामागे अडकला आणि डोकं बाजूला ओढलं गेलं, तरी तेच होतं.

मग हात कसा दिसतो? तो बाजूला, अंगाला चिकटून लोंबतो. खांद्यापासून आत फिरलेला असतो. कोपर सरळ असतं आणि तळवा मागे वळलेला. पाश्चात्त्य पुस्तकांत याला वेटरच्या हाताची उपमा दिली आहे, आपल्याकडच्या पुस्तकांत पोलिसाच्या. पाठीमागे हळूच बक्षीस घेणारा हात. मुलांना उपमा पाठ असते. मी ती बाजूला ठेवून एकेका सांध्याचं कारण विचारते. हात बाजूला उचलणारा डेल्टॉइड गेला, म्हणून छातीचे आणि पाठीचे मोठे स्नायू हाताला अंगाशी ओढतात. त्यांचा बराचसा पुरवठा सी-७ आणि सी-८ मधून असल्याने ते जिवंत आहेत. खांदा बाहेर फिरवणारे स्नायू गेले, म्हणून तेच मोठे स्नायू दंड आत फिरवतात. कोपर वाकवणारे बायसेप्स आणि ब्रेकियालिस गेले, म्हणून सी-७चा ट्रायसेप्स कोपर सरळ ठेवतो. बायसेप्सचं एक काम लोक विसरतात. तळवा वर वळवण्याची मोठी ताकद त्याचीच असते. स्क्रू आवळताना दंडाला हात लावून बघा, तो फुगतो. तो गेला की तळवा खाली वळवणाऱ्या स्नायूंना मोकळीक मिळते आणि तळवा मागे जातो.

बोटं मात्र छान हलतात. एर्बच्या बाळाच्या तळव्यात आपलं बोट ठेवलं तर ते घट्ट पकडतं, पण दचकल्यावर दोन्ही हात पसरायचे तर एकच पसरतं. आई अनेकदा आधी तेच सांगते, ‘डॉक्टर, हा एकच हात उचलतो.’

आता माझ्या वळलेल्या दोन बोटांकडे येऊ. क्लॉ हँड म्हणजे पक्ष्याच्या नख्यांसारखी बोटं. नीट पाहिलं तर ते एक विचित्र वळण आहे. बोट तळव्याला जिथे जोडतं तो सांधा गरजेपेक्षा मागे ताणलेला असतो आणि पुढची दोन पेरं आत वाकलेली असतात. साधी मूठ मिटताना असं कधी होत नाही.

बोटांना ओढणारे मोठे स्नायू हातात नसतातच, ते कोपर आणि मनगट यांच्या मधल्या भागात असतात. तिथून लांब दोऱ्या बोटांपर्यंत येतात. मागच्या दोऱ्या बोटं सरळ करतात, पुढच्या वाकवतात. या दोन्हींमध्ये तोल राखायला तळव्यात लहान स्नायू असतात. त्यांतल्या चारांना लंब्रिकल म्हणतात. नाव लॅटिनमधल्या गांडुळावरून आलंय, आणि विच्छेदनाच्या टेबलावर ते दिसतातही तसेच, पातळ आणि मऊ. त्यांचं काम दोन भागांत आहे. बोटाचा तळव्याशी असलेला सांधा वाकवायचा आणि पुढची पेरं सरळ ठेवायची. पेन धरताना, भाकरी थापताना, चिमटीत सुई धरताना बोटांची हीच ठेवण असते. हे लहान स्नायू गेले की मागच्या दोऱ्या तळव्याजवळचा सांधा मागे ताणतात. त्यांची सगळी ओढ तिथेच संपते आणि पुढच्या पेरांसाठी काही उरत नाही. मग पुढच्या दोऱ्या ती पेरं आत वाकवतात. दोन्ही बाजूंच्या जिवंत दोऱ्यांनी मिळून क्लॉ तयार केलेला असतो.

करंगळी आणि अनामिका यांची लंब्रिकल अल्नार नसेकडे आहेत, तर्जनी आणि मधल्या बोटाची मीडियनकडे. म्हणून अल्नार गेली की दोनच बोटं वळतात. कोपर कशावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, ती हीच नस. कोपराच्या आतल्या हाडामागे ती कातडीखालीच असते, आणि कुष्ठरोगात ती तिथेच जाड होऊन चाचपता येते. आपल्याकडे क्लॉ हँड दिसण्यामागचं हे एक जुनं आणि नेहमीचं कारण आहे.

इथे वायव्हातला सर्वांत सुंदर प्रश्न येतो. अल्नार नस मनगटाला कापली आणि कोपराला कापली, तर कुठल्या हातात क्लॉ जास्त दिसेल? मुलं म्हणतात, कोपराला, कारण इजा मोठी. खरं उत्तर उलट आहे. कोपराजवळ अल्नार कापली की लहान स्नायूंबरोबर करंगळी आणि अनामिकेची टोकं वाकवणाऱ्या लांब दोरीचाही पुरवठा जातो. आत ओढणारा जिवंत स्नायूच उरत नाही, म्हणून बोटं कमी वळतात. मनगटाला कापली तर ती दोरी शाबूत असते, आणि बोटं जोरात आत वळतात. इजा मोठी, पण हात बरा दिसतो. याला अल्नार पॅराडॉक्स म्हणतात.

हे पाठांतराचं कोडं नाही. कोपराजवळची नस शिवली आणि ती बरी होऊ लागली, की आधी जवळची लांब दोरी जागी होते, लांबचे तळव्यातले स्नायू नंतर. मधल्या काळात पेशंटची बोटं आधीपेक्षा जास्त वळू लागतात. तो घाबरून येतो, ऑपरेशन फसलं म्हणतो. डॉक्टरला हा नकाशा माहीत असेल तर तो पेशंटला सांगू शकतो की नस परत येते आहे.

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. हात उघडायला सांगितल्यावर दोन बोटं वळलेली राहिली, तर अल्नार. मूठ मिटायला सांगितल्यावर करंगळी आणि अनामिका मिटल्या, पण तर्जनी आणि मधलं बोट उभंच राहिलं, तर मीडियन, आणि तीही कोपराच्या आसपास कापलेली, कारण त्या बोटांच्या लांब दोऱ्या तिच्याकडे आहेत. आशीर्वाद देणाऱ्या हातासारखं हे चित्र दिसतं. दोन्ही चित्रांतली वळलेली बोटं नीट पाहिली तर फरक डोळ्यांनाही दिसतो. अल्नारच्या हातात त्यांचा तळव्याजवळचा सांधा मागे ताणलेला असतो, मीडियनच्या हातात तो मुठीसारखा पुढे वाकलेला असतो.

रेडिअल नसेचं सोपं आहे. मनगट आणि बोटं वर उचलता येत नाहीत, मनगट खाली पडतं. दंडाचं हाड मध्यावर मोडलं की ती बहुधा सापडते, कारण तिथे ती हाडाला चिकटून वळसा घेते.

आता सगळा नकाशा एका माणसावर लावून बघू. समजा, सिंधुदुर्गातला किंवा गोव्यातला एक पाडेली आहे, माडावर चढून नारळ पाडणारा. पावसात माड ओला असतो. पाय सुटला, त्याने उजव्या हाताने झावळ धरली, सगळं वजन त्या एका हातावर आलं आणि हात डोक्यावर जोरात ओढला गेला. झावळही सुटली आणि तो खाली चिखलात पडला. हाड मोडलं नाही. दोन महिन्यांनी तो येतो आणि म्हणतो, ‘कोयता धरवत नाही.’

बघितलं तर चारही बोटं वळलेली आहेत, तळव्यातलं मांस ओसरलंय, हाडांच्या मधल्या खाचा दिसतात. इथेच पहिला निष्कर्ष निघतो. चारही बोटं वळली, म्हणजे अल्नार आणि मीडियन दोन्हींकडची लंब्रिकल गेली. पण निष्कर्षावर थांबायचं नाही, तपासायचं.

त्याला हात बाजूला उचलायला सांगा. उचलतो. कोपर वाकवतो. म्हणजे सी-५ आणि सी-६ ठीक. कोपर सरळ करतो, मनगट वर उचलतो. सी-७ ठीक. दोन बोटांमध्ये कागद धरायला द्या आणि हलकेच ओढा. कागद सुटून येतो. बोटं एकमेकांजवळ आणणारे तळव्यातले स्नायू अल्नारचे आहेत, ते गेले. आता अंगठा आणि तर्जनीत कागद धरायला द्या. धडधाकट माणूस सरळ अंगठ्याने कागद दाबतो. याचा अंगठा टोकाशी वाकतो, कारण दाबणारा स्नायू गेला आणि उरलेला लांब स्नायू त्याच्या जागी काम करायला धावतो. ही फ्रोमांची खूण, तीही अल्नारची. इथवर बघणारा कोणीही म्हणेल, कोपराजवळ अल्नार दुखावली.

म्हणून पुढची चाचणी करायची. हाताची मागची बाजू टेबलावर टेकवून, तळवा वर ठेवून त्याला सांगा, अंगठा सरळ छताकडे उचल आणि वर धरलेल्या पेनाला लाव. उचलत नाही. हा स्नायू मीडियनचा आहे. म्हणजे दोन नसांचे स्नायू गेलेत, पण पूर्ण नाहीत. मीडियनचेच मनगट वाकवणारे काही स्नायू चालतात. दोन नसांमध्ये दोन वेगवेगळ्या जखमा झाल्या असं मानण्यापेक्षा वेणीच्या वरच्या भागात एक पेड तुटला असं मानणं सोपं आहे. हाताच्या तळव्यातल्या लहान स्नायूंचा पुरवठा, तो मीडियनमधून येवो की अल्नारमधून, मुख्यतः टी-१ या एकाच पेडातून येतो.

आता पिन घेऊन बधिरपणा शोधायचा. करंगळी बधिर आहे. तिथून मनगटाकडे आणि पुढे कोपराकडे जाताना हाताची आतली बाजूही बधिर आहे. अल्नार नसेचा बधिरपणा मनगटाजवळ संपतो. मनगट ते कोपर या भागाच्या आतल्या बाजूच्या कातडीची नस वेगळी आहे, ती काखेतूनच स्वतंत्र निघते. बधिरपणा मनगट ओलांडून वर गेला, म्हणजे जखम कोपराच्या वर, काखेच्या किंवा मानेच्या दिशेने आहे. मुलं ही गोष्ट फार वेळा चुकवतात, कारण ती बोटांकडे बघत राहतात.

आणि मग खोलीतला दिवा मंद करून त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं. उजवी पापणी किंचित खाली आलेली आहे. उजवी बाहुली डाव्यापेक्षा लहान आहे आणि अंधारातही मोठी होत नाही. माडावरून पडलेल्या माणसाच्या डोळ्याचा हाताशी काय संबंध? बाहुली मोठी करणारे आणि पापणीला थोडा आधार देणारे तंतू पाठीच्या कण्यातून टी-१ बरोबर बाहेर पडतात आणि लगेच तिला सोडून मानेतून वर डोळ्याकडे जातात. ही खूण योहान होर्नर या स्विस डोळ्यांच्या डॉक्टरने १८६९ साली नोंदली होती. हाताच्या लकव्याशी तिचा नेमका धागा ऑगस्टा क्लुंप्के हिने १८८५ साली जोडला. ती तेव्हा पॅरिसमध्ये वैद्यकीचं शिक्षण घेत होती. अमेरिकेत जन्मलेली ही मुलगी पॅरिसच्या रुग्णालयांतली निवासी डॉक्टरची जागा मिळवणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. त्या काळी ही जागा स्त्रियांना द्यायची की नाही, यावरच वाद चालू होता. खालच्या खोडाच्या या लकव्याला आज तिचंच नाव आहे. वायव्हात मुलं ‘क्लुंप्केज’ एवढं एका दमात म्हणून मोकळी होतात, तेव्हा मी त्यांना सांगते की एका विद्यार्थिनीने हे शोधलं होतं.

डोळ्याची खूण पाडेल्यासाठी वाईट बातमी आहे. डोळ्याचे तंतू टी-१ पासून मणक्याच्या अगदी जवळ वेगळे होतात. तेही गेले, म्हणजे मूळ बहुधा कण्यातूनच उपटून आलं आहे. याची खात्री करायची एक चाचणी मला नेहमी थक्क करते. त्याची करंगळी पूर्ण बधिर आहे, पण बोटावर यंत्राने विजेचा निरोप दिला तर तो कातडीच्या नसेतून सुरळीत धावतो. संवेदना नेणाऱ्या पेशींचं घर कण्याच्या जरा बाहेर, मुळावरच्या एका गाठीत असतं. फाटलं ते त्या गाठीच्या आतल्या, कण्याकडच्या बाजूला. पेशी आणि तिचा तंतू जिवंत आहेत, फक्त कण्याशी जोड तुटली आहे. बधिर बोटातून वाहणारा हा निरोप सांगतो की मूळ पुन्हा जोडता येणार नाही.

पुस्तकातला नकाशा आणि माणसाचं शरीर नेहमी तंतोतंत जुळत नाहीत, हेही इथे सांगितलं पाहिजे. काही जणांत हे सगळं जाळं एका मुळाने वर किंवा खाली सरकलेलं असतं. काहींच्या कोपराखाली मीडियनमधले तंतू अल्नारमध्ये उडी घेतात, आणि मग अल्नार कोपराला कापूनही तळव्यातले काही स्नायू चालत राहतात. शिवाय क्लुंप्केचा क्लॉ चित्रातल्यासारखा ठळक असेलच असं नाही. सी-८ही पूर्ण गेला असेल तर बोटं वाकवणाऱ्या लांब दोऱ्याच दुबळ्या होतात आणि आत ओढायला कोणी उरत नाही. एका खुणेवरून पत्ता सांगू नये, तीन-चार खुणा एकाच जागेकडे बोट दाखवू लागल्या की मगच सांगावा, हे मी शिकवते ते यासाठी.

वायव्हातला माझा शेवटचा प्रश्न आकड्यांचा असतो. कापलेली नस शिवली तर ती साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढते. एर्बच्या जखमेपासून बायसेप्सपर्यंतचं अंतर सुमारे वीस-पंचवीस सेंटिमीटर. म्हणजे सात-आठ महिने. मानेपासून तळव्यापर्यंत सत्तर सेंटिमीटर धरा. सातशे दिवस, जवळजवळ दोन वर्षं. पण नसेवाचून राहिलेला स्नायू साधारण दीड वर्षात तंतुमय होऊन कायमचा संपतो. म्हणून वरच्या खोडाच्या लकव्यात सर्जनला आशा असते, खालच्यात मोठ्या माणसाच्या तळव्यातले स्नायू जवळजवळ हातचे जातात. फ्रेंच सर्जन क्रिस्टोफ ओबर्लां याने १९९४ मध्ये यापुढची युक्ती मांडली. एर्बमध्ये अल्नार जिवंत असते, तेव्हा तिच्यातला मनगट वाकवणारा एक बारीक जुडगा काढून थेट बायसेप्सच्या नसेला दंडातच जोडायचा. अंतर काही सेंटिमीटरच उरतं. सुरुवातीला पेशंटने मनगट वाकवायचं मनात आणलं की कोपर वाकतं.

पाडेल्याला ही युक्ती उपयोगी नाही. त्याला उधार द्यायला जवळ जिवंत नस नाही, पण जिवंत स्नायू आहेत. कुष्ठरोगात वळलेल्या बोटांवर वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून अशाच शस्त्रक्रिया केल्या. ज्या स्नायूवाचून चालेल अशा जिवंत स्नायूची दोरी सोडवायची आणि मेलेल्या स्नायूचं काम तिला द्यायचं.

‘मग सांग,’ मी मुलीला विचारते, ‘याच्याकडे उसना द्यायला काय शिल्लक आहे?’

ती आकृती पुन्हा काढत नाही. स्वतःची बाही वर करते, मूठ मिटून मनगट उचलते आणि कोपराखाली उभा राहिलेला स्नायू दुसऱ्या हाताने चाचपते. ‘ब्रेकिओरेडियालिस, मॅडम. आणि त्याच्या शेजारचा, मनगट उचलणारा लांब स्नायू. दोन्ही रेडिअलचे, सी-६ कडचे. त्याचा सी-६ शाबूत आहे.’